कोल्हापूर ते तिरुपती: यात्रेकरूंच्या पोटासाठी लिहिलेल्या एका ईमेलचा प्रकरण अभ्यास

कोल्हापुरातल्या एका पेठेतलं भजनी मंडळ दरवर्षी थंडीत बसने यात्रा काढतं. यंदाचा मार्ग लांबचा होता: पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, मंत्रालय, श्रीशैल, तिरुपती आणि हुबळीमार्गे परत. माणसं ४३, त्यातली निम्म्याहून जास्त साठी ओलांडलेली. यात्राप्रमुखांना सगळे अण्णा म्हणतात. निघण्याच्या दहा दिवस आधी ते पोटाच्या काळजीबद्दल सगळ्यांना ईमेल करतात. थोरल्यांपैकी बरेच जण ईमेल बघत नाहीत, म्हणून तो मुला-सुनांच्या पत्त्यावर जातो आणि घरात वाचून दाखवला जातो. मी त्याच पेठेत दवाखाना चालवतो. यंदा अण्णांनी मसुदा आधी माझ्याकडे आणला.

मसुदा मनापासून लिहिलेला होता. उघड्यावरचं खाऊ नका, हात धुवा, तेलकट टाळा, हे सगळं त्यात होतं. पण तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, ‘प्रवासात पाणी बेताने प्यावे, म्हणजे गाडी वारंवार थांबवावी लागणार नाही.’ माझ्या मते सगळ्या यात्रेचं पोट याच ओळीवर अवलंबून होतं.

बसयात्रेत जुलाबांची धास्ती सगळ्यांना असते, पण परतल्यावर दवाखान्यात येणारी मोठी तक्रार याच्या अगदी विरुद्ध असते: तीन-तीन दिवस पोट साफ नाही, कोठा जड, भूक मेलेली, आणि बायकांना लघवीला जळजळ. यामागे एक साखळी आहे. पहाटे पाचला गाडी निघायची म्हणून चारला उठायचं, घोटभर चहा घ्यायचा, चाळीस माणसांत दोन संडास म्हणून घाईत बाहेर पडायचं. सकाळी काही गरम पोटात गेलं की मोठ्या आतड्याला चालना मिळते आणि शौचाची भावना होते. ही भावना गाडीत बसल्यावर आली तर माणूस दाबून धरतो. दाबलेली भावना थोड्या वेळाने नाहीशी होते, मळ मात्र आतच राहतो. मोठं आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, आणि वरून पाणी कमी प्यायलेलं असलं की दुसऱ्या दिवशी खडे होतात. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर त्रास आणखी वाढतो. मग कोणीतरी पिशवीतून रेचक चूर्ण काढतं, रात्री दुप्पट घेतं आणि सकाळी घाटात गाडी थांबवायला लावतं. लोक त्याला ‘बाहेरचं पाणी बाधलं’ म्हणतात.

मी अण्णांना विचारलं, “बायका पाणी का पीत नाहीत?”

ते म्हणाले, “काय ओ डॉक्टर, उतरायचं कुठं, हा प्रश्न असतोय त्यांना.”

उत्तर त्यांनीच दिलं होतं. ‘पाणी भरपूर प्या’ एवढंच लिहिलं असतं तरी ते कोणी पाळलं नसतं. जिथे स्वच्छ संडास नाही तिथे बाई पाणी पिणार नाही, कितीही समजावलं तरी. म्हणून ईमेलमध्ये यात्रेकरूंनी काय करायचं याच्या आधी मंडळ काय करणार हे लिहायचं ठरलं. अण्णांनी ड्रायव्हरबरोबर बसून थांबे नक्की केले. पहिल्या पाच दिवसांच्या टप्प्यांवर कुठल्या पेट्रोलपंपावर, कुठल्या हॉटेलात बायकांची सोय बरी आहे, याची चौकशी आधी गेलेल्या मंडळांकडे फोनवर केली. मगच ईमेल गेला. तो जवळपास जसाच्या तसा असा:

‘विषय: यात्रेत पोट सांभाळण्याविषयी (घरातल्या थोरल्यांना वाचून दाखवावे)

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

सर्व यात्रेकरू बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार.

गाडी दर दोन तासांनी थांबेल. कोणी मागणी केली नाही तरी थांबेल. थांब्यावर आधी भगिनी उतरतील. मध्येच अडचण आली तर पुढे बसलेल्या काकींना सांगावे, त्या ड्रायव्हरला सांगतील, कारण विचारणार नाहीत. त्यामुळे पाणी कमी पिऊ नये. दर थांब्याला अर्धी बाटली संपवावी. लघवी गडद पिवळी होऊ लागली तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. ज्यांना हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले आहे त्यांनी तेच प्रमाण पाळावे.

गाडीत बंद जारचे पाणी असेल. प्रत्येकाने नाव लिहिलेली एक लिटरची बाटली आणावी. नळाचे, हौदाचे पाणी पिऊ नये, त्याने चूळही भरू नये.

निघायच्या वेळेच्या दीड तास आधी गरम पाणी आणि चहा मिळेल. तेव्हाच उठावे, म्हणजे शौचाला घाई होणार नाही. रोज चूर्ण घेण्याची सवय असेल तर नेहमीएवढेच घ्यावे, जास्त नको.

शिदोरीत भडंग, दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, लाडू, खजूर असे कोरडे पदार्थ आणावेत. ओले खोबरे, दही, कांदा किंवा खवा घातलेले काही बांधून आणू नये. सकाळी बांधलेला भात दुपारी खाऊ नये. केळी, संत्री अशी स्वतः सोलायची फळे चालतील, चिरलेली नकोत.

तीर्थ भक्तिभावाने मस्तकी लावावे. नदीचे पाणी पिऊ नये.

जेवणाआधी आणि शौचानंतर साबणाने हात धुवावेत. गाडीच्या दाराशी साबण आणि पाण्याचा कॅन ठेवला आहे.

रोजच्या गोळ्या डिकीतल्या बॅगेत न ठेवता हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. बीपी, शुगर, हृदय, किडनी यांची औषधे घेणाऱ्यांनी निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे की उलट्या-जुलाब झाले तर कोणती गोळी थांबवायची आणि कोणती चालू ठेवायची. उत्तर कागदावर लिहून आणावे.

उलटी किंवा जुलाब झाल्यास लाजू नये, लगेच सांगावे. ओआरएसची पाकिटे गाडीत आहेत. एक मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, कमी पाण्यात नाही. शुगर असली तरी घ्यावे. जुलाब थांबवणारी गोळी स्वतःहून घेऊ नये.

आपला, अण्णा’

यातल्या काही ओळींवर बरीच चर्चा झाली. तीर्थाच्या ओळीवर अण्णा अडले. गाणगापूरला भीमा आणि अमरजेच्या संगमावर स्नान करून आचमन घेणारा माणूस ईमेल वाचून थांबेल का, असं त्यांनी विचारलं. सगळे थांबणार नाहीत. पण मस्तकी लावणं ही परंपरेतलीच रीत आहे आणि काही घराण्यांत तेवढंच केलं जातं. माणसाला आपली श्रद्धा न सोडता जे करता येतं तेच तो करतो, म्हणून मनाईच्या आधी ती ओळ ठेवली.

गाणगापूरचीच दुसरी गोष्ट म्हणजे माधुकरी. दुपारी पाच घरी भिक्षा मागायची आणि ते अन्न प्रसाद म्हणून खायचं. वेगवेगळ्या घरांतलं अन्न एकत्र येतं म्हणून ते धोक्याचं, असं शहरात वाढलेल्या मुलांना वाटतं. माझं मत वेगळं आहे. ते अन्न त्याच सकाळी शिजलेलं असतं आणि मागितल्यावर लगेच खाल्लं जातं. धोका तेव्हा येतो जेव्हा उरलेलं डब्यात भरून संध्याकाळच्या प्रवासासाठी ठेवलं जातं. म्हणून माधुकरीवर बंदी घातली नाही. अण्णांनी तिथे तोंडी सांगितलं की झोळीतलं अन्न दुपारीच, तिथेच संपवायचं. माधुकरीच्या अन्नाने कोणालाही त्रास झाला नाही.

मंत्रालयापर्यंत यात्रा चांगली चालली. श्रीशैलहून तिरुपतीला निघायच्या दिवशी मात्र प्रकरण घडलं.

दुपारी चारच्या सुमारास अण्णांचा फोन आला. सात-आठ जणांना उलट्या चालू होत्या, काहींना जुलाबही. गाडीत सगळ्यांच्या मनात एकच आलं होतं की जारचं पाणी खराब निघालं. दोन काकांनी जार ओतून द्यायला सांगितलं होतं आणि लोकांनी पाणी पिणं बंद केलं होतं. उलट्या होत असताना सगळ्या गाडीने पाणी सोडणं हे त्या दिवसाचं खरं संकट होतं.

मी तीन गोष्टी विचारल्या: पहिली उलटी किती वाजता झाली, त्याआधी काय आणि किती वाजता खाल्लं, आणि कोणाच्या अंगात ताप आहे का. ताप कोणालाच नव्हता. पहिली उलटी अडीचला झाली होती. जेवण साडेबारा ते एकच्या दरम्यान झालं होतं, रस्त्याकडेच्या एका झाडाखाली.

दूषित पाण्यातून येणारे जंतू सहसा आतड्यात वाढून मग त्रास देतात. त्याला निदान अर्धा दिवस, बहुतेक वेळा एक-दोन दिवस लागतात, आणि पुष्कळदा ताप असतो. खाल्ल्यापासून दोन-चार तासांत एकदम बऱ्याच जणांना उलट्या सुरू होतात तेव्हा अन्नात विष आधीच तयार असतं. शिवाय त्या जारचं पाणी ४३ जण पीत होते आणि आजारी थोडेच होते. मी अण्णांना सांगितलं, “पाणी चालू ठेवा. वही घ्या आणि प्रत्येकाने दुपारी काय खाल्लं ते लिहा, आजारी नसलेल्यांनीसुद्धा.”

आजारी नसलेल्यांना विचारणं महत्त्वाचं आहे, आणि तेच सहसा राहून जातं. आजारी माणसांनी सगळ्यांनी चटणी खाल्ली असेल, पण बऱ्या असलेल्यांनीही ती खाल्ली असेल तर चटणीवर बोट ठेवता येत नाही. रात्रीपर्यंत वहीचं चित्र स्पष्ट झालं. दुपारी फोडणीचा भात २१ जणांनी खाल्ला होता, त्यातल्या ११ जणांना त्रास झाला. भात न खाता दशम्या-भडंगावर राहिलेल्या २२ जणांपैकी एकाच मामींना मळमळ झाली, आणि त्या सकाळच्या घाटापासूनच गाडी लागल्याची तक्रार करत होत्या.

आता भाताची कहाणी. मंडळाने मुक्कामाच्या ठिकाणी एक आचारी घेतला होता. आदल्या रात्रीचा बराच भात उरला होता आणि तो मोठ्या पातेल्यात झाकून तसाच ठेवला होता. पहाटे साडेचारला त्याने तोच फोडणीला टाकला आणि वाफ येत असतानाच स्टीलच्या डब्यांत भरला. ठरल्याप्रमाणे तो साडेदहाच्या थांब्यावर संपायचा होता. घाटात वाहतूक अडकली, थांबा चुकला आणि डबे साडेबारानंतर उघडले.

तांदळात एका जंतूचे बीजाणू मुळातच असतात आणि ते भात शिजवताना मरत नाहीत. भात लवकर गार झाला आणि गारच राहिला तर ते निपचित पडून राहतात. पण मोठ्या पातेल्यातला भात मधोमध तासन्‌तास कोमट राहतो. त्या उबेत बीजाणू फुटतात, वाढतात आणि एक विष सोडतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही. पहाटेच्या फोडणीने जंतू मेले असतील, पण विष जसंच्या तसं राहिलं. त्यामुळे ‘गरम होता की भात, वाफा येत होत्या’ हे लोकांचं म्हणणं खरं होतं आणि निरुपयोगीही होतं. वासाने, चवीनेही हे कळत नाही. भात आंबलेला नव्हता असं खाणाऱ्या सगळ्यांनी सांगितलं.

भाताची तपासणी झाली नाही, उरलेला फेकून दिला होता. त्यामुळे हा निष्कर्ष शक्यतेचा आहे. आचाऱ्याच्या हाताला जखम असती तर तिच्यातल्या जंतूंचं विषही याच वेळात असाच त्रास देऊ शकतं. उपचार आणि धडा दोन्हींत सारखाच राहतो.

उपचाराचा भाग गाडीत मंडळाच्या माणसांनीच उरकला. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं, मग चमचा-चमचा किंवा घोट-घोट ओआरएस, दर दोन मिनिटांनी. तहान लागली म्हणून ग्लासभर एकदम घेतलं की पुन्हा उलटी होते आणि मग ‘पोटात काही ठरत नाही’ असा समज होतो. एका मुलाने घाईत पूर्ण पाकीट एका पेल्यात ढवळलं. काकींनी ते बघितलं आणि त्याच्याच हाताने लिटरच्या बाटलीत ओतायला लावून ती काठोकाठ भरून घेतली. घट्ट द्रावणात मीठ-साखर इतकी जास्त होते की ती आतड्यात उलट पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. सगळ्यांनी लिटरचीच बाटली आणावी हा ईमेलमधला आग्रह इथे कामी आला. डॉक्टर हाताशी नसताना हे औषध चालतं याचा दाखला जुना आहे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ असताना सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि नातेवाइकांनी ते रुग्णांना पाजलं.

अकरा जणांपैकी दहा जण मध्यरात्रीपर्यंत निवळले. एका काकांचं वेगळं होतं. वय सत्तरीचं, बीपीची गोळी लघवी वाढवणारी, शिवाय शुगरची गोळी. उलट्या चारच झाल्या होत्या, पण उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि दुपारपासून लघवी झाली नव्हती. हे दोन एकत्र आले की गाडीत वाट बघायची नसते. वाटेतल्या पहिल्या मोठ्या गावात त्यांना दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं, शुगर तपासली. त्यांच्या खिशात त्यांच्या कोल्हापूरच्या डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद होता, लघवीची गोळी आणि शुगरची गोळी उलट्या थांबेपर्यंत बंद ठेवावी असा. तिथल्या डॉक्टरांना तो कागद फार उपयोगी पडला, कारण भाषेची अडचण होती आणि काका ग्लानीत होते. दुसऱ्या दिवशी ते मुलासोबत तिरुपतीला पोचले.

परत आल्यावर मी आणि अण्णा वही घेऊन बसलो. मला एक गोष्ट खटकत होती. ‘सकाळी बांधलेला भात दुपारी खाऊ नये’ हे ईमेलमध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं. तरी २१ जणांनी तो का खाल्ला? अण्णांनी काही जणांना विचारलं. एका आजींनी सांगितलं, “मंडळानं वाढलेलं पान कसं नाकारायचं? अन्नाचा अपमान होतो.” दुसऱ्या एकांना वाटलं, मंडळानेच दिलंय म्हणजे बघूनच दिलं असणार. ईमेल यात्रेकरूंना गेला होता. ज्याने भात शिजवला त्या आचाऱ्याला आणि ज्याने डबे चढवले त्या माणसाला तो कोणी दाखवलाच नव्हता. खाणाऱ्यावर सगळी जबाबदारी होती आणि निर्णय दुसऱ्याच्याच हातात होता.

पाण्याच्या बाबतीत मात्र तोच ईमेल पुरेपूर लागू पडला. थांबे ठरल्याप्रमाणे झाले त्या दिवसांत बायका पाणी पीत होत्या. परतल्यावर लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन यंदा एकच जण आली, आणि चूर्णाचा अतिरेक कोणी केला नाही. फरक उघड आहे. पाण्याच्या ओळीमागे थांब्यांची व्यवस्था होती, भाताच्या ओळीमागे काहीच नव्हतं.

पुढच्या यात्रेसाठी अण्णांनी दोन बदल आत्ताच लिहून ठेवले आहेत. ईमेलमध्ये एक ओळ वाढली: ‘मंडळाने दिलेला पदार्थ बांधून चार तासांहून जास्त झाले असतील तर तो नाकारावा. त्यात अन्नाचा अपमान नाही, आणि मंडळाला राग येणार नाही.’ आणि आचारी, ड्रायव्हर, डबे सांभाळणारा अशा तिघांसाठी एक वेगळा कागद तयार झाला आहे. त्यावर लिहिलंय की रात्रीचा भात सकाळी वापरायचा नाही, जेवण बांधायचं तर दशमी-पुरी-चटणीच बांधायची, डब्यावर बांधल्याची वेळ खडूने लिहायची, आणि थांबा चुकला तर ड्रायव्हरने ताबडतोब अण्णांना सांगायचं, म्हणजे डबे उघडायचे की वाटेतल्या हॉटेलात ताजं जेवायचं ते ठरवता येईल. ताज्या जेवणाचा तो जादा खर्च धरून यात्रेची वर्गणी माणशी थोडी वाढवली आहे. वर्गणी का वाढली हेही ईमेलमध्ये लिहिलं आहे.